परतीचं भाडं

दापोलीहून निघालेला रस्ता सड्यावरून रमतगमत येतो, शेवटच्या उतारावर त्याला एकाएकी घाई सुटते आणि खाडीच्या पाण्यात पाय बुडवून तो थांबतो. तिथं दाभोळ. समोर वाशिष्ठीचं रुंद, मचूळ पाणी, पलीकडे गुहागर तालुक्यातलं धोपावे, आणि मधल्या पाण्यावरून माणसं, मोटारी, दुचाक्या पोटात घेऊन संथपणे जा-ये करणारी फेरीबोट. 2003 साली ही बोट सुरू झाली तेव्हापासून रस्ता इथं संपतो असं म्हणायची सोय राहिली नाही. तो जरा वेळ तरंगतो एवढंच. पण रिक्षावाल्याच्या लेखी मात्र रस्ता आजही जेटीपाशीच संपतो, आणि जिथं रस्ता संपतो तिथलं भाडं ही चीज निराळी असते.

शहरात भाड्याचा विचार प्रवाशाला करावाच लागत नाही. मीटर तो विचार करतं. प्रवासी फक्त मीटरकडे पाहतो आणि मनातल्या मनात खिन्न होतो. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये आणि पुढं दर किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे असा दर लागू झाला. त्या चौदा पैशांत केवढा आत्मविश्वास आहे! कुणीतरी बसून गाडीची किंमत, कर्जाचं व्याज, विमा, टायर, इंधन आणि चालकाचा संसार या सगळ्याला भाग दिला आहे, आणि उत्तर पैशापर्यंत बरोबर आलं आहे. दाभोळच्या जेटीवर असे चौदा पैसे नाहीत. तिथं एक माणूस आहे, त्याची रिक्षा आहे, आणि तुमच्या हातातल्या बॅगेकडे, पायातल्या चपलांकडे आणि चेहऱ्यावरच्या अजाणपणाकडे एका नजरेत पाहून त्याच्या मनात तयार होणारा एक आकडा आहे.

तसा तुमच्याही मनात एक आकडा असतो. गंमत अशी, की तो कुठून आला हे आपल्याला ठाऊक नसतं. एखाद्या मावसभावानं मागच्या मे महिन्यात किती दिले ते ऐकलेलं असतं, त्यातून थोडी महागाई मिळवलेली असते, आणि आपण फसवले जाणार या जन्मजात खात्रीपोटी वीस टक्के वजा केलेले असतात. अशा आकड्याला आपण 'रीतसर भाडं' म्हणतो. मग समोरचा त्याचा आकडा सांगतो, आपण आपला सांगतो, आणि दोन अंदाज एकमेकांकडे असे पाहतात, जणू स्थळ बघायला आलेल्या दोन घरांतली वडीलधारी माणसं. बोलणं फक्त पावसाचं चाललेलं असतं, पण मोजमाप दोन्हीकडून सुरू असतं.

आमचे अण्णा या मोजमापात पटाईत समजले जात. त्यांची रीत शहरी होती. आकडा ऐकायचा, काही न बोलता वळायचं आणि तीन पावलं चालायची. तिसऱ्या पावलाला मागून हाक येते, असा त्यांचा सिद्धांत होता आणि पुण्यात तो खरा ठरल्याचं आम्ही पाहिलं होतं. दाभोळात त्यांनी हा प्रयोग केला. वळले, तीन पावलं चालले, चौथंही टाकलं. समोर खाडी आली. मागून हाक आली नाही. रिक्षावाला सीटवर मागं रेलून शांतपणे सुपारी कातरत होता. अण्णा बराच वेळ समुद्राच्या दिशेनं पाहत उभे राहिले, जणू ते सृष्टिसौंदर्यासाठीच तिकडं वळले होते. पुढं खाडी आणि मागं डोंगर असलेल्या गावात निघून जाण्याचा धाक चालत नाही, हे भूगोलाच्या पुस्तकात नसलेलं वाक्य मी त्या दिवशी शिकलो.

दाभोळच्या जेटीवरची घासाघीस काही आजची नाही. पंधराव्या शतकात, 1472 च्या सुमाराला, त्वेर नावाच्या रशियन गावचा अफनासी निकितिन हा व्यापारी इथं येऊन उभा राहिला होता. तेव्हाचं दाभोळ बहामनी राज्याचं मोठं बंदर. लांबलांबचे घोडे इथं उतरत. निकितिनही येताना एक घोडा घेऊन चौलला उतरला होता, वर्षानुवर्षं बिदरपर्यंत फिरला होता आणि आता घरच्या ओढीनं परतीचं गलबत शोधत होता. त्याच्या प्रवासवर्णनात या प्रसंगाची जेमतेम ओळभर नोंद आहे. त्यानं तांडेलाशी भाड्याचं बोलणं केलं आणि होर्मुझपर्यंतच्या प्रवासाचे दोन सोन्याचे तुकडे ठरले. एवढंच. तांडेलानं आधी किती सांगितले, हा तीन पावलं चालून गेला की नाही, शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या दाभोळकरानं "जास्त दिलेस रे बाबा" असं म्हटलं का, याची नोंद नाही. पुढं काय झालं ते मात्र आहे. गलबत वाऱ्यानं भरकटलं, महिनाभर जमीन दिसली नाही, आणि दिसली तेव्हा ती हबशांच्या देशाची निघाली. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी, भाकरी वाटून सुटका करून घेतली आणि मग मस्कतवरून हे लोक होर्मुझला पोचले. एवढ्या मोठ्या वळशाचे जादा पैसे तांडेलानं मागितल्याचं निकितिन कुठं म्हणत नाही. आज दाभोळहून दापोलीला जाताना वाटेत एखाद्याच्या घरी पाच मिनिटं वाकडी वाट केली तर पन्नास रुपये वर पडतात, त्या मानानं पंधरावं शतक उदार होतं.

निकितिननं एक गोष्ट बरोबर केली होती. त्यानं आकडा गलबतात चढायच्या आधी ठरवला. आणि गलबतवाल्याची एक गोष्ट त्याच्या बाजूनं होती. होर्मुझला पोचलेलं गलबत तिथून रिकामं परत येत नसे. घोडे भरून येई.

सगळी मेख इथंच आहे. रिक्षाचं भाडं काढताना आपण आपला प्रवास मोजतो आणि रिक्षावाला त्याचा. आपला प्रवास दापोलीला उतरलो की संपतो. त्याचा तिथं निम्मा होतो. मुंबईत तुम्ही जिथं उतरता तिथंच दुसरं कुणीतरी हात दाखवत उभं असतं, म्हणून तिथला दर एका बाजूचा असला तरी भागतं. दाभोळच्या रिक्षावाल्याला दापोलीत तुम्हाला सोडल्यावर तिथल्या स्टँडवर उभं राहून सीटा भरता येत नाहीत. तिथं दापोलीच्या गाड्यांचे नंबर लागलेले असतात, आणि दुसऱ्याच्या नंबरात शिरणं हे शेजाऱ्याच्या विहिरीवर न विचारता पंप लावण्याइतकं गंभीर समजलं जातं. तेव्हा तो म्हणतो, "ताई, येताना मोकळा येणार मी." आपल्याला ते पैसे वाढवायचं निमित्त वाटतं. बहुतेक वेळा ती नुसती खरी गोष्ट असते.

एकदा पावसाळ्यात फेरीबोटीची वाट पाहत आडोशाला बसलो असताना, एका वयस्क रिक्षावाल्यानं मला हा हिशेब सविस्तर मांडून दाखवला. पाऊस असा होता की पलीकडचं धोपावे पुसून गेलं होतं आणि दोघांनाही दुसरा उद्योग नव्हता. त्यांना सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही म्हटलं. "चाचा, दापोलीचे किती घेता?" "कुणाकडून?" त्यांनी विचारलं. मग माझा चेहरा पाहून हसले आणि बोटानं समोरच्या काचेवरच्या धुक्यात आकडे काढू लागले. त्यांचेच आकडे मी खाली माझ्या रीतीनं आणि आजच्या दरानं मांडतो.

दाभोळ ते दापोली साधारण 28 किलोमीटर. जेटी समुद्राच्या पातळीला, दापोली सुमारे 800 फुटांवर. म्हणजे जाताना गाडी भरलेली आणि चढ. येताना रिकामी आणि उतार. भरलेली रिक्षा चढाला लिटरमागं वीस किलोमीटर दिले तरी गुणाची म्हणायची. येताना तीस देते. जाताना 1.4 लिटर, येताना 0.9 लिटर, मिळून 2.3 लिटर पेट्रोल. लिटरला 105 रुपये धरले तर 240 रुपये झाले. पेट्रोल हा दिसणारा खर्च. न दिसणारा म्हणजे टायर, ऑइल, ब्रेक, विमा, परवाना आणि बँकेचा हप्ता. हा खर्च रोजचा नसतो, पण गाडी धावेल तसा तो मागून चालत येत असतो. चाचांच्या हिशेबानं किलोमीटरला अडीच रुपये बाजूला टाकले तर वर्षाअखेरीला उसने काढावे लागत नाहीत. जाऊन-येऊन 56 किलोमीटरचे 140 रुपये. आता राहिला माणूस. जायला तास, यायला तास, वळवून घेऊन चहा प्यायला अर्धा तास. तासाचे शंभर धरले तर अडीचशे. 240, 140 आणि 250 मिळून 630 रुपये. याच्या खाली गेला तर तो स्वतःच्या घरून तुम्हाला दापोलीला पोचवतोय असं समजायचं.

याच उत्तराला दुसऱ्या वाटेनंही जाता येतं, आणि दोन वाटा एकाच फाट्यावर मिळाल्या की अंदाजावर थोडा विश्वास ठेवायला हरकत नसते. मुंबईचं मीटर दाभोळच्या चढाला लावून पाहू. पहिल्या दीड किलोमीटरचे 26, उरलेल्या साडेसव्वीस किलोमीटरचे 454. एकूण 480 रुपये. हे फक्त जाण्याचे, येताना गिऱ्हाईक मिळेल या भरवशावरचे. येणंही पूर्ण आपल्या माथी घेतलं तर 960. पण येताना उतार आहे, ओझं नाही, आणि मध्येच कुणी ओळखीचं हात दाखवण्याची शक्यता अगदीच शून्य नाही. तेव्हा परतीचा निम्मा भार आपण उचलावा, निम्मा त्याच्या नशिबानं. 480 अधिक 240, म्हणजे 720. एका हिशेबानं 630, दुसऱ्यानं 720. रीतसर भाडं या दोन आकड्यांच्या मध्ये कुठंतरी राहतं. ते नेमकं कुठं, हे ठरवायलाच परमेश्वरानं घासाघीस निर्माण केली असावी. साडेसहाशेला लगेच बसावं, सातशेलाही बसावं, आठशे म्हटले तर कारण विचारावं. कारण असतंही कधीकधी. रात्र झालेली असते, पाऊस असतो, किंवा तुमच्याबरोबर आंब्याच्या सहा पेट्या असतात आणि त्यांचा उल्लेख तुम्ही बोलणं पक्कं होईपर्यंत शिताफीनं टाळलेला असतो.

पाचशेला कुणी आनंदानं तयार झाला तर? तर आपण जिंकलो असं समजून छाती फुगवू नये. गाडी कुठल्या स्टँडची ते विचारावं. बहुधा ती दापोलीची निघते. सकाळी कुणाला तरी फेरीबोटीवर सोडायला आलेली, आता परत निघालेली. त्याचं परतीचं भाडं म्हणजे तुम्ही. त्याला पेट्रोल कसंही जाळायचंच आहे, चढाचे दीडशे रुपये सुटले की वरचं सगळं त्याचं. तो चारशेलाही नेईल. जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्यांच्या पाटीवर 'एमएच 08' असतं, त्यामुळं पाटीवरून हे कळत नाही, बोलूनच कळतं. जेटीवर दोन रिक्षा शेजारी उभ्या असतात, रंग एक, कंपनी एक, आणि दोघांच्या प्रामाणिक भाड्यात अडीचशेचा फरक असतो. एक घरातून निघतोय आणि एक घरी चाललाय, एवढाच काय तो भेद. अर्थात दाभोळच्या स्टँडवरून गिऱ्हाईक उचललेलं इथल्या मंडळींनाही आवडत नाही, म्हणून दापोलीवाला जरा पुढं, वळणाच्या अलीकडे उभा असतो आणि मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं पाहत असल्याचा आव आणतो.

चढ-उताराच्या या हिशेबानं माझ्या मनात तिथंच एक शंका आली. दापोलीहून दाभोळला येताना गाडी भरलेली उतरते आणि रिकामी चढते. मग ते भाडं कमी का नसावं? चाचांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही उतरलात तरी गाडीला वर जायचंच आहे ना." चढ कुणीतरी चढतंच. तुम्ही बसलेले असताना किंवा नसताना. तीन माणसांच्या वजनानं थोडं पेट्रोल वाढतं, पण डोंगर काही कमी होत नाही. या उत्तरात हिशेबापेक्षा काहीतरी जास्त होतं असं मला वाटत राहिलं. पण चाचा तोवर काचेवरचे आकडे फडक्यानं पुसून मोकळे झाले होते.

जवळच्या फेऱ्यांना एवढं गणित लागत नाही. जेटीवरून चंडिकेच्या देवळाकडं जायचं, किंवा एखाद्या वाडीत पाव्हणा म्हणून जायचं, तर गावची रीत सोपी आहे. आधी शेअरच्या सीटचा भाव विचारायचा. हा भाव लपवता येत नाही, कारण तो शेजारी बसलेल्या म्हातारीला आणि शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. रिक्षाला तीन प्रवाशांचा परवाना. तेव्हा सीटच्या भावाची तिप्पट म्हणजे तुम्ही एकट्यानं गाडी केल्याचं भाडं. तुमच्या शेजारच्या दोन रिकाम्या जागांचंही तिकीट तुम्ही काढलेलं असतं. माणसं भरेपर्यंत थांबायला लागलं नाही, त्याचे पाचदहा रुपये वर. सीट वीस रुपये असेल तर स्पेशलचे साठ-सत्तर. शंभर म्हटले तर सीटेनंच जावं आणि कोंबडीच्या पिशवीशेजारी बसून गावच्या बातम्या ऐकाव्यात. लांबच्या पल्ल्याला एसटीचं तिकीट हा दुसरा आधार. सहा किलोमीटरचा एक टप्पा, साध्या गाडीला टप्प्याचे 10 रुपये 5 पैसे हा जानेवारी 2025 पासूनचा दर. दापोलीपर्यंत पाच टप्पे, म्हणजे पन्नासच्या आसपास. बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट. एसटी हा तळ. त्याच्या वर जे काही तुम्ही देता ते वेळेचे, दारापाशी उतरण्याचे आणि कंडक्टरनं न ओरडण्याचे पैसे.

मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचा हिशेब इथं हमखास चुकतो, तो दोन्ही बाजूंनी. गणपतीत तो मीटर डोक्यात घेऊन उतरतो आणि "एवढं? अंधेरीला तर..." असं म्हणतो. रिक्षावाला अंधेरी म्हणजे काय हे जाणतो, त्याचा भाऊ तिथंच असतो. पण तो काही बोलत नाही. दुसरा प्रकार म्हणजे गावाकडच्या सगळ्याच गोष्टींनी गहिवरलेला. तो विचारल्याबरोबर देऊन टाकतो, वर पन्नास चहाला. याचं कौतुक होतं, पण त्याच्या मागून आलेल्या तिसऱ्या माणसाला त्याचे पन्नास भरावे लागतात. भाव असाच चढतो. एकाच्या प्रेमामुळं.

पण या सगळ्याहून अवघड वाक्य वेगळंच आहे. तुम्ही किती म्हणून विचारता, आणि रिक्षावाला मान वळवून, अर्धवट हसून म्हणतो, "द्या ओ समजून." झालं. आता आकडा त्यानं तुमच्या पदरात टाकला आणि तुमची झोप उडवली. सबंध रस्ता, सडा, करवंदीची जाळी, लांब खाली चमकणारी खाडी, यातलं काही दिसत नाही. पाचशे दिले तर कमी होतील का? आठशे दिले तर मूर्ख समजेल का? सातशे दिले आणि तो काही न बोलता खिशात घालून निघून गेला तर? निघून गेला तर नक्की जास्त दिले. मोजून पाहिले तर कमी. या वाक्यात माणुसकी असते हे खरं, कित्येकदा ते मनापासूनचंही असतं. पण त्यात दोघांचाही हिशेब बुडतो. तो मनात सातशे धरून असतो आणि तुम्ही पाचशे काढता, मग दोघं एकमेकांशी फार गोड बोलून फार कडू मनानं वेगळे होतात. "तुम्हीच सांगा, मी त्यात कमी करणार नाही" असं म्हणून आकडा त्याच्या तोंडून काढून घेणं हे त्याच्यावरही उपकारच आहेत. आकडा रास्त असेल तर शब्द पाळावा; नसेल तर वर मांडलेला हिशेब शांतपणे बोलून दाखवावा. "येण्याचं निम्मं धरलं तरी सातशेवीस होतात" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी रिक्षावाले वाद घालत नाहीत. आपल्या रिकाम्या परतीची दखल कुणीतरी घेतली, याचंच त्यांना जास्त वाटतं.

जेटीपासून जवळच, पाण्याच्या काठाला, शाही मशीद आहे. विजापूरच्या जामा मशिदीची आठवण करून देणारी, घुमट आणि मिनारांची. तिची एक कथा गावात सांगतात. विजापूरची एक शाहजादी, आयेशाबीबी, सतराव्या शतकात हजला जायला म्हणून लवाजम्यासह, भरपूर द्रव्य घेऊन दाभोळला आली. पण समुद्रावर चाच्यांचं भय होतं. जहाज सुटेना, सुटलं तर पोचण्याची खात्री कुणी देईना. वाट पाहून शेवटी तिनं प्रवासासाठी आणलेले पैसे इथंच खर्च केले आणि ही मशीद बांधली. कथेतलं किती खरं ते इतिहासाच्या लोकांनी पाहावं. मला त्यातलं एवढंच आवडतं, की बंदरावर उभं राहून भाडं ठरवणाऱ्यांत ती एकटी अशी निघाली, जिनं न झालेल्या प्रवासाचं भाडं गावालाच देऊन टाकलं. परत जाताना तिची पालखी हलकी असणार. गाव मात्र मोकळं परतलं नाही.

आपल्या हाती शाहजादीएवढं द्रव्य नाही आणि निकितिनचे सोन्याचे तुकडेही नाहीत. दोनशेच्या नोटा आहेत, आणि सुट्ट्यांचा तोटा. तेव्हा दाभोळला उतरलात तर एवढं करा. बोलणी सुरू करण्याआधी टपरीवर चहा घ्या आणि सीटचा भाव तिथंच विचारा. गाडी कुठल्या स्टँडची ते पाहा. सामान किती ते आधीच सांगा. परतीचा निम्मा खर्च आपला समजा, आकडा बसायच्या आधी ठरवा आणि तेवढे सुटे जवळ ठेवा. आणि पेट्रोल दहा रुपयांनी वाढलं म्हणून कुणी शंभर वाढवले, तर न चिडता सांगा, की या फेरीला जाऊन-येऊन पेट्रोल लागतं 2.3 लिटर, दहा रुपयांच्या वाढीचे होतात तेवीस.